उपचारांसाठी निधी मागणारे पान कसे तपासावे: आधी आकडा, मग कहाणी

नात्यातले, सोसायटीतले किंवा जुन्या शाळेच्या गटातले कोणीतरी एक दुवा पाठवते आणि विचारते, "हे पान एकदा बघून घ्याल का? पुढे पाठवायचे आहे." पान बहुधा आजारी माणसाच्या उपचारांचे असते. क्राउडफंडिंगची, म्हणजे पुष्कळ लोकांकडून इंटरनेटवर थोडे थोडे पैसे जमवण्याची, पाने चित्रपटांसाठी, ग्रंथालयांसाठी आणि नव्या उत्पादनांसाठीही निघतात. परंतु आपल्याकडे सामान्य वाचकासमोर सर्वांत अधिक वेळा येते ते रुग्णासाठीचे पान, आणि नवख्या परीक्षकाची सर्वांत अधिक चूक होते तीही तिथेच. म्हणून हा लेख तेवढ्यापुरता मर्यादित ठेवला आहे. रुग्णांच्या कुटुंबांना कागदपत्रांत मदत करणाऱ्या पुण्यातल्या एका लहानशा गटात मी काही वर्षे अशी पाने प्रसिद्ध होण्यापूर्वी वाचत आलो आहे. त्या वाचनातून जी पद्धत बसली, ती इथे क्रमाने मांडतो.

उदाहरण म्हणून एकच पान शेवटपर्यंत सोबत ठेवू. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदलले आहेत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा नऊ वर्षांचा मुलगा, थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. मोठ्या बहिणीची अस्थिमज्जा त्याच्याशी पूर्ण जुळली आहे, आणि पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण, करायचे ठरले आहे. पानावर मागितलेली रक्कम होती ३५ लाख रुपये.

पहिली पायरी: पान वाचण्याआधी एस्टिमेट वाचा

सवयीने आपण कहाणी वाचतो, फोटो पाहतो, डोळे ओलावतात, आणि मग आकडा पाहिला की तो खराच वाटतो. हा क्रम उलटा करावा. पानावरचा आकडा एका कागदावर लिहून घ्यावा आणि लगेच रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, म्हणजे ज्याला सगळे एस्टिमेट म्हणतात ते, उघडावे. ते पानावर नसेल तर कुटुंबाकडून मागवावे; ते मिळेपर्यंत बाकीचे काहीही तपासण्यात वेळ घालवू नये.

एस्टिमेट रुग्णालयाच्या लेटरहेडवर असावे. त्यावर तारीख, रुग्णाचे पूर्ण नाव, रुग्णालयाने दिलेला नोंदणी क्रमांक, आजाराचे निदान, नियोजित उपचार, डॉक्टरांची सही, त्यांचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का इतके तरी दिसायला हवे. याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एक म्हणजे रकमेची दोन टोके: "१४ ते १६ लाख" असे लिहिलेले असेल, तर पानावर कोणते टोक घेतले आहे आणि का. दुसरी म्हणजे तळाशी बारीक अक्षरांत दिलेली "यात समाविष्ट नाही" ही यादी. प्रत्यारोपणाच्या एस्टिमेटमध्ये सहसा ठरावीक दिवसांचा मुक्काम धरलेला असतो; त्यापुढचे दिवस, जंतुसंसर्ग झाल्यास लागणारी महागडी औषधे, घरी सोडल्यानंतरच्या तपासण्या ही सगळी त्या यादीत जातात. प्रामाणिक पानावरची रक्कम एस्टिमेटपेक्षा अधिक असू शकते ती याच कारणाने, आणि अप्रामाणिक पान लपते तेही याच फरकाच्या आड.

आपल्या उदाहरणात एस्टिमेट चार महिन्यांपूर्वीचे होते आणि त्यावर १४ ते १६ लाख अशीच रक्कम होती. मग ३५ लाख आले कुठून? मुलाच्या काकांना विचारल्यावर कळले की त्यांनी दुसऱ्या एका मुलाचे पान पाहिले होते आणि "आपलाही आजार तोच" म्हणून तो आकडा उचलला होता. त्या दुसऱ्या मुलाला पूर्ण जुळणारा दाता नव्हता. अर्धवट जुळणाऱ्या दात्याकडून प्रत्यारोपण होणार होते, ज्याचा खर्च आणि गुंतागुंत दोन्ही बरेच अधिक असते. काकांचा हेतू फसवण्याचा नव्हता. मात्र वाचणाऱ्याला हेतू दिसत नाही. त्याला १६ लाखांचा कागद आणि ३५ लाखांची मागणी एवढेच दिसते, आणि जो माणूस ते ताडून पाहतो तो पुन्हा त्या पानावर येत नाही.

एस्टिमेट खरे आहे का हे विचारण्यासाठी रुग्णालयाला फोन करायचा असेल, तर क्रमांक रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. पानावर किंवा एस्टिमेटवर छापलेला घेऊ नये, कारण बनावट कागदावरचा फोनही बनावट असू शकतो. रुग्णाची प्रकृती विचारल्यास कोणी सांगणार नाही आणि सांगूही नये. "अमुक नोंदणी क्रमांकाच्या रुग्णासाठी अमुक तारखेचे एस्टिमेट आपल्याकडून दिले गेले आहे का?" एवढाच प्रश्न बिलिंग विभागाला किंवा वैद्यकीय समाजसेवकांना विचारावा. कुटुंबातील कोणी सोबत असेल, तर उत्तर लवकर मिळते.

दुसरी पायरी: रक्कम स्वतः मांडून पाहा

एस्टिमेट हाताशी आले की कोरा कागद घ्यावा आणि पान बाजूला ठेवून रक्कम स्वतः मांडावी. आधी लागणारे सगळे, मग मिळालेले किंवा मिळू शकणारे वजा, आणि शेवटी पैसे गोळा करण्याचाच खर्च. हा क्रम मोडू नये, कारण शेवटची गोष्ट टक्केवारीत असते आणि ती आधीच्या उत्तरावर अवलंबून असते.

एस्टिमेटचे वरचे टोक १६,००,००० रुपये. घरी सोडल्यानंतर सहा महिन्यांची औषधे आणि तपासण्या, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे महिना साधारण २५,००० धरून, १,५०,०००. प्रत्यारोपणानंतरचे पहिले १०० दिवस रुग्णालयाच्या जवळच राहावे लागते, कारण ताप आला तर तासाभरात पोहोचणे गरजेचे असते. त्यासाठी चार महिन्यांची खोली आणि जेवणखाण-प्रवास मिळून महिना २४,००० प्रमाणे ९६,०००. गुंतागुंतीसाठी राखीव म्हणून एस्टिमेटच्या १५ टक्के, म्हणजे २,४०,०००. बेरीज २०,८६,००० रुपये.

राखीव रकमेविषयी थोडे थांबून सांगायला हवे. काही परीक्षक अशी रक्कम दिसली की ती कापायला सांगतात. प्रत्यारोपणात ते चुकीचे ठरते. आधी तीव्र औषधे देऊन मुलाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते आणि मग दात्याची मज्जा दिली जाते. एकदा ही औषधे सुरू झाली की मधेच थांबण्याची सोय उरत नाही. संसर्ग झाला, तर पैसे नाहीत म्हणून दुसऱ्या आठवड्यात परत जाता येत नाही. तेव्हा राखीव असावी, पण ती "राखीव" याच नावाने, वेगळ्या ओळीत आणि टक्केवारीसह दिसावी. इतर खर्चांत मिसळून फुगवलेली राखीव आणि उघडपणे मांडलेली राखीव यांत पैशांचा फरक शून्य असला, तरी वाचणाऱ्याच्या लेखी फार मोठा असतो.

आता वजाबाकी, आणि इथे बहुतेक पाने गप्प असतात. कुटुंबाने स्वतः किती उभे केले? विमा आहे का, आणि नसल्यास तसे लिहिले आहे का? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, याचे उत्तर योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडून मिळते. रुग्णालय धर्मादाय न्यासाचे असेल, तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे; त्यासाठी अर्ज केला का? मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज गेला का? या प्रश्नांची उत्तरे "नाही" असू शकतात आणि त्यात काही गैर नाही. विचारलेच नसेल, तर मात्र पान अपुरे आहे.

थॅलेसेमियाच्या बाबतीत एक प्रश्न आणखी आहे. कोल इंडिया या सरकारी कंपनीच्या सामाजिक निधीतून २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना चालवली गेली आहे. जुळणारे भावंड दाता असलेल्या लहान मुलाच्या प्रत्यारोपणासाठी तीत जास्तीत जास्त १० लाख रुपये थेट रुग्णालयाला दिले जातात. मात्र वयाची आणि उत्पन्नाची अट असते आणि उपचार योजनेशी जोडलेल्या निवडक रुग्णालयांतच व्हावे लागतात. अटी आणि यादी वेळोवेळी बदलते, म्हणून ती अर्जाच्या वेळची पाहावी. शिवाय बोरिवलीत मुंबई महापालिकेचे थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे केंद्र आहे. जाणता वाचक विचारणारच की हे पर्याय का घेतले नाहीत. "तिथे नाव नोंदवले आहे, प्रतीक्षा लांब आहे" हे पूर्ण उत्तर आहे. उत्तरच नसणे हे संशयाला आमंत्रण.

आपल्या कुटुंबाला या योजनेविषयी कोणी सांगितलेलेच नव्हते. त्यांचे रुग्णालय यादीत नसल्याचे चौकशीनंतर समजले, म्हणून त्यांनी यादीतल्या दुसऱ्या रुग्णालयात नाव नोंदवून अर्ज केला आणि उत्तराची वाट पाहत पुण्यातली तयारीही चालू ठेवली. तोपर्यंत हाती होते ते कुटुंबाचे २,००,००० आणि एका न्यासाने रुग्णालयात परस्पर भरलेले १,५०,०००. ते वजा करून उरले १७,३६,००० रुपये.

आता मंचाचे, म्हणजे ज्या संकेतस्थळावर हे पान असते त्याचे, शुल्क. प्रत्येक मंचाची पद्धत निराळी असते: कुठे जमलेल्या रकमेतून टक्केवारी कापली जाते, कुठे शुल्क शून्य असते पण देणाऱ्याकडून वर "टिप" घेतली जाते, तर कुठे जाहिरातीचा खर्चही मोहिमेच्या खात्यातून जातो. म्हणून कुटुंबाने मंचाशी केलेला करार किंवा आलेला ईमेल पाहायला मागावा. समजा मंचाचे शुल्क ५ टक्के, पैसे वळते करण्याचे २ टक्के, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण कपात ८.२६ टक्के. नवखे लोक इथे १७,३६,००० वर ८.२६ टक्के चढवतात. ते चूक आहे, कारण कपात जमलेल्या पूर्ण रकमेवर होते. योग्य हिशेब भागाकाराचा:

```
१७,३६,००० ÷ (१ − ०.०८२६) = १८,९२,३०४
```

म्हणजे लक्ष्य १९ लाख. काकांच्या ३५ लाखांपेक्षा १६ लाखांनी कमी, आणि प्रत्येक रुपयाला कागद असलेले. योजनेचे १० लाख मंजूर झाल्यास, यादीतल्या रुग्णालयाचा खर्चही इतकाच धरला तर, गरज ७,३६,००० वर येते आणि त्याच हिशेबाने लक्ष्य सुमारे ८ लाख होते. ही शक्यता पानावर लिहिणे कुटुंबाला आवडत नाही; "मग लोक थांबतील" अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. अर्ज केल्याचे आणि मंजुरी मिळाल्यास लक्ष्य कमी करू असे लिहिलेले पान वाचले की मोठी रक्कम देणारा माणूस निश्चिंत होतो.

तिसरी पायरी: लक्ष्य गाठता येईल का, आणि अर्धेच जमले तर काय

वाजवी लक्ष्य म्हणजे फक्त खर्चाशी जुळणारे लक्ष्य, असे नाही. १९ लाख रुपये सरासरी १,००० रुपयांच्या देणगीने जमवायचे म्हटले तर १,९०० माणसे हवीत. कुटुंबाला विचारावे: फोनमध्ये खरोखर ओळखीचे किती लोक आहेत? वडिलांच्या कामाच्या ठिकाणचे, गावातले, शाळेतले मिळून ३०० निघाले आणि त्यांतल्या निम्म्यांनी १,००० दिले, तर दीड लाख होतात. उरलेले साडेसतरा लाख अनोळखी माणसांकडून यायचे आहेत, आणि अनोळखी माणसासाठी कागद हीच ओळख असते. हा हिशेब केल्यावर काही कुटुंबे क्राउडफंडिंगचा वाटा कमी ठेवून उरलेल्यासाठी न्यासांचे दरवाजे ठोठावतात, आणि पुष्कळदा तेच शहाणपणाचे असते.

याहून कठीण प्रश्न अर्ध्या रकमेचा. डायलिसिससाठी निम्मे पैसे जमले तर निम्मे महिने भागतात. प्रत्यारोपणाचे तसे नाही. रुग्णालय तीव्र औषधे सुरू करण्यापूर्वी मोठी अनामत मागते आणि त्याखाली रक्कम असेल तर तारीखच मिळत नाही. म्हणून पानावर तीन गोष्टी हव्यात: तारीख मिळण्यासाठी किमान किती रक्कम लागते, तितकी न जमल्यास आलेले पैसे कशाला वापरले जातील (उदाहरणार्थ, शरीरात साठलेले लोह काढणारी औषधे आणि रक्त), आणि ते ठरवणार कोण. हे लिहिलेले नसलेल्या पानावर निधीच्या वापराविषयी पारदर्शकता आहे असे मी म्हणणार नाही, मग खर्चाचा तक्ता कितीही सुबक असो.

चौथी पायरी: पैसे कोणाच्या हाती जातात

प्रत्येक पानावर तीन माणसे शोधावीत: रुग्ण, मोहीम सुरू करणारा, आणि ज्याच्या खात्यात पैसे जाणार तो. तिघांचे एकमेकांशी नाते एका वाक्यात सांगितलेले असावे. मोहीम काकांनी सुरू केली, खाते वडिलांचे, रुग्ण मुलगा, हे ठीक. मोहीम "शुभचिंतक" नावाच्या कोणीतरी सुरू केली आणि खाते तिसऱ्याच गावच्या माणसाचे, तर कारण विचारावे. सर्वांत सुरक्षित व्यवस्था म्हणजे मंचाने रक्कम रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर थेट भरणे; खोली, जेवण आणि घरच्या औषधांचा भाग तेवढा कुटुंबाच्या खात्यात. आमच्या उदाहरणात पानावर तसे दोन वेगळे आकडे लिहून घेतले.

क्यूआर कोडची खबरदारी वेगळी. खऱ्या मुलाचा खरा व्हिडिओ उचलून त्यावर स्वतःचा कोड चिकटवायचा, हा प्रकार व्हॉट्सॲपवर सर्रास चालतो. कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर येते. ते पानावरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबावे. पान तपासणाऱ्याने कुटुंबाला आवर्जून सांगावे की पुढे पाठवायचा तो मंचावरच्या पानाचा दुवा, सुटे चित्र नव्हे.

प्राप्तिकराच्या सवलतीचा दावाही इथेच तपासून घ्यावा. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. व्यक्तीच्या खात्यात दिलेल्या मदतीवर ती मिळत नाही. पैसे वडिलांच्या खात्यात जात असताना पानावर "करसवलत उपलब्ध" असे लिहिले असेल, तर ते वाक्य काढायला सांगावे. परदेशातून मदत येणार असेल तर आणखी एक मुद्दा: भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही, पण नातेवाइकाने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो परदेशीच असतो, परदेशस्थ भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. न्यू जर्सीचा मामा कोणत्या गटात मोडतो हे मंचाला आधी सांगावे. परदेशी पैसे घेण्याची सोय प्रत्येक मोहिमेला नसते.

पाचवी पायरी: आता कहाणी

इतके झाल्यावर मजकूर वाचावा, हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक तारीख, वय, ठिकाण आणि आकडा अधोरेखित करावा आणि समासात लिहावे की हे कोणत्या कागदावरून कळते. ज्याला कागद नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह. आपल्या पानावर एक वाक्य होते: "डॉक्टरांनी ४८ तासांची मुदत दिली आहे." थॅलेसेमियाचे प्रत्यारोपण हा महिनोन्महिने आखलेला उपचार असतो, त्यात ४८ तासांची मुदत नसते, आणि पान तीन आठवडे जुने झाले तरी ते ४८ तास संपलेले नव्हते. हे वाक्य मंचाच्या मदतनीसाने सुचवले होते, असे काका म्हणाले. घाईचे खरे कारण निराळे होते आणि ते लिहिण्यासारखे होते: सतत रक्त चढवल्याने शरीरात लोह साठते, यकृतावर परिणाम होतो, आणि हे नुकसान वाढण्याआधी, लहान वयात केलेल्या प्रत्यारोपणाचे निकाल चांगले असतात. यासाठी शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या तपासणीचा अहवाल होता. खोटी घाई काढली आणि खरी लिहिली.

कहाणी सुंदर असणे हा तिच्या खरेपणाचा पुरावा नव्हे, हे सांगायला २०१७ मधले अमेरिकेतले एक प्रकरण पुरेसे आहे. फिलाडेल्फियाजवळ गाडीतले पेट्रोल संपलेल्या एका तरुणीला रस्त्यावर राहणाऱ्या माजी सैनिकाने आपले शेवटचे २० डॉलर दिले, अशी कथा गोफंडमी या क्राउडफंडिंगच्या मंचावर आली. लक्ष्य १०,००० डॉलर होते आणि जमले चार लाखांहून अधिक. पुढच्या वर्षी सरकारी वकिलांनी उघड केले की प्रसंग घडलाच नव्हता आणि ती माणसे एकमेकांना आधीपासून ओळखत होती. मंचाने देणगीदारांना पैसे परत केले. माझे लक्ष वेधले ते लक्ष्याने: १०,००० डॉलर ही कोणालाही न खटकणारी, माफक रक्कम होती. माफक लक्ष्य म्हणजे विश्वासार्ह पान, असा नियम करता येत नाही. त्या पानावरचा मुख्य प्रसंग कोणत्याही कागदाने सिद्ध होण्यासारखा नव्हता, आणि तेथे तिसऱ्या माणसाची साक्ष मागायला हवी होती. आपल्याकडे अशी साक्ष म्हणजे वर्गशिक्षक, गावच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा रक्तपेढीचे समुपदेशक, जे "हो, या मुलाला मी ओळखतो" एवढे आपल्या नावानिशी लिहून देतात.

फोटो गूगल लेन्सवर टाकून दुसऱ्या नावाने कुठे वापरलेला आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. फोटोंबाबत माझी सूचना मात्र बहुधा उलट दिशेची असते. नळ्या लावलेल्या, उघड्या अंगाच्या मुलाचे चित्र काढून टाकावे. तो मुलगा बरा होऊन पंधरा वर्षांचा होईल तेव्हाही ते चित्र कुठेतरी असेल. कागदपत्रांवरचे आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक, फोन आणि घरचा पत्ता झाकावा. रुग्णालय, तारीख, निदान आणि रक्कम झाकू नये. काही पानांवर नेमके याच्या उलट केलेले आढळते.

सहावी पायरी: पैसे आल्यानंतरचे वचन

पानाच्या शेवटी चार ओळी तरी असाव्यात: दर किती दिवसांनी माहिती देऊ, अनामत भरल्याची पावती कधी टाकू, शिल्लक राहिल्यास काय करू, आणि मूल दगावल्यास काय करू. हा शेवटचा प्रश्न आईवडिलांना विचारू नये. काकांना किंवा मामांना बाजूला घेऊन विचारावा आणि उत्तर सौम्य शब्दांत लिहावे. आपल्या पानावर ते असे आले: "उपचारांनंतर शिल्लक राहिलेली किंवा कोणत्याही कारणाने वापरता न आलेली रक्कम त्याच विभागातल्या दुसऱ्या मुलाच्या उपचारांसाठी रुग्णालयात जमा केली जाईल, आणि त्याची पावती इथे दिली जाईल." "कोणत्याही कारणाने" या दोन शब्दांत सगळे येते, आणि आईला ते वाचवते.

"लवकरच अपडेट देऊ" हे वचन नव्हे. "दर पंधरा दिवसांनी, रविवारी" हे वचन. ते पाळणारा माणूस कोण, त्याचे नावही लिहावे, कारण उपचार सुरू झाल्यावर आईवडिलांना फोन उचलायलाही सवड नसते.

अभिप्राय कसा लिहावा

तपासणी संपल्यावर "छान आहे" किंवा "संशयास्पद वाटते" असे कळवून उपयोग नाही. अभिप्रायाचे तीन भाग करावेत: जुळलेले, न जुळलेले, आणि न विचारलेले. प्रत्येक नोंदीत पानावरचे वाक्य आणि त्यासमोर कागद. उदाहरणार्थ, "पानावर ३५ लाख, एस्टिमेटवर १४ ते १६ लाख, फरकाचे स्पष्टीकरण नाही, सोबतच्या मांडणीनुसार १९ लाख सुचवतो." भाषा आरोपाची नको. चुकीचा आकडा आणि खोटा आकडा हे पानावर सारखेच दिसतात, आणि बहुतेक वेळा तो चुकीचाच असतो. मात्र एस्टिमेट मागितल्यावर तीन वेळा नवे कारण मिळाले, किंवा रुग्णालयाने असा क्रमांकच नसल्याचे सांगितले, तर सुधारणा सुचवत बसू नये. पान पुढे पाठवू नये आणि मंचावर तक्रार नोंदवण्याची जी सोय असते ती वापरावी.

आपल्या पानाची पहिली ओळ आधी "एका निष्पाप जिवाला वाचवा, वेळ फार कमी आहे" अशी होती. सुधारलेली ओळ अशी: "आमच्या पुतण्याला, वय ९, थॅलेसेमिया मेजर आहे, बहिणीची अस्थिमज्जा त्याच्याशी पूर्ण जुळली असून प्रत्यारोपणासाठी आम्हाला मंचाच्या शुल्कासह १९ लाख रुपये हवे आहेत, त्याचा हिशेब आणि रुग्णालयाचे एस्टिमेट खाली दिले आहे, एका सरकारी कंपनीच्या योजनेकडे १० लाखांचा अर्ज केला आहे आणि तो मंजूर झाल्यास हे लक्ष्य त्याच दिवशी ८ लाखांवर आणू." काकांना ती कोरडी वाटली. त्यांनी शेवटी एक वाक्य स्वतःचे जोडले, की मुलगा रक्त चढवताना शाळेची वही सोबत नेतो, आणि वहीच्या एका पानाचा फोटो लावला. ते मी ठेवू दिले. त्या पानावर शिक्षकांची सही आणि तारीख होती.